एआय व्हिडिओ की हाताने शूट? खर्च, क्रेडिट आणि थांबण्याचा वेळ : ठाणे-नवी मुंबईच्या छोट्या व्यावसायिकांचे नेहमीचे प्रश्न

पाचपाखाडीत मी छोट्या दुकानांचे, घरगुती उद्योगांचे व्हिडिओ शूट आणि एडिट करते. गेली दोनेक वर्षं एआयने क्लिपही बनवते. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहिली आहेत. बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण वापरलंय : नौपाड्यातल्या एका काकूंच्या उकडीच्या मोदकांचं ३० सेकंदांचं रील. ते आम्ही आधी पूर्ण एआयने करून पाहिलं आणि मग हाताने केलं, त्यामुळे दोन्हींचा हिशेब माझ्या वहीत आहे.

१. क्रेडिट म्हणजे नेमकं काय? ते रुपयांत कसं मोजायचं?

क्रेडिट म्हणजे त्या सेवेचं स्वतःचं नाणं. तुम्ही डॉलर भरता, ते क्रेडिट देतात आणि प्रत्येक क्लिपमागे ठरलेले क्रेडिट कापले जातात. काही ठिकाणी दर सेकंदाला असतो, काही ठिकाणी अख्ख्या क्लिपला. सेकंदाचा दर समजायला सोपा, म्हणून या पानावर रनवे या एआय व्हिडिओ सेवेचे दर धरले आहेत. २०२५ मध्ये त्यांचा स्टँडर्ड प्लॅन महिन्याला १५ डॉलर होता आणि त्यात ६२५ क्रेडिट मिळायचे. जेन-४ मॉडेलला सेकंदाला १२ क्रेडिट लागायचे, त्याच्याच टर्बो प्रकाराला ५. म्हणजे जेन-४ वर ५ सेकंदांची एक क्लिप ६० क्रेडिटची आणि महिन्याच्या प्लॅनमध्ये अशा जेमतेम दहा क्लिप. दर बदलत राहतात, तेव्हा भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहा. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

वरचे क्रेडिट वेगळे विकत घेतले तर १० डॉलरला १,००० मिळायचे. म्हणजे प्लॅनमधलं क्रेडिट वरच्या क्रेडिटच्या दुपटीहून महाग पडतं. प्लॅनच्या पैशात आत शिरण्याचं भाडंही आलं, असं समजा. त्यामुळे क्रेडिट कमी पडले की मोठ्या प्लॅनवर उडी मारण्याआधी वरचे क्रेडिट घेऊन भागतंय का ते बघा.

रुपये काढताना मी डॉलर ८८ रुपयांना धरला आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क धरलं की १५ डॉलरचे साधारण १,६०० रुपये होतात. हे वरचे पैसे का कापले जातात, ते प्रश्न १० मध्ये आहे.

२. मग ३० सेकंदांच्या रीलला ३० गुणिले १२, म्हणजे ३६० क्रेडिट. बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. तो दर मशीनने बनवलेल्या सेकंदाचा आहे. तुमच्या रीलमध्ये जातो तो तुम्ही पसंत केलेला सेकंद. या दोघांतलं अंतर किती असतं, ते मोदकांच्या रीलवरून सांगते.

रीलमध्ये दहा शॉट होते, प्रत्येकी तीन सेकंदांचे : पावसातलं भाताचं शेत, नारळाची झाडं, समई, ओलं खोबरं खवणं, गूळ विरघळणं, उकडीची पारी करणं, पारीला कळ्या पाडणं, मोदकपात्रातून निघणारी वाफ, ताटातले एकवीस मोदक आणि शेवटी नैवेद्य. ज्या साधनावर काम केलं त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण असं सगळ्याच साधनांवर घडतं.

शेत, झाडं आणि समई हे तिन्ही शॉट दुसऱ्या प्रयत्नात जमले. खोबऱ्याला पाच प्रयत्न लागले, कारण खवणीची पात कधी वाटीच्या आत तर कधी आरपार जायची. गुळाला चार, पारीला सहा, वाफेला चार, ताटाला पाच, नैवेद्याला तीन. ताटात क्लिपच्या सुरुवातीला एकवीस मोदक असायचे आणि शेवटी एकोणीस मोजून निघायचे.

कळ्यांच्या शॉटने मात्र हात टेकायला लावले. नऊ प्रयत्न झाले. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पारीची कड दाबली की कळी उठते. एआयच्या क्लिपमध्ये बोटं पोचायच्या आधीच कळ्या आपोआप उमटत होत्या, तिसऱ्या सेकंदाला अकराच्या आठ होत होत्या आणि टोक मिटताना सगळं एका बाजूला मुरडत होतं. काकूंनी एकच क्लिप पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, हे मोदक नव्हेत, मोमो आहेत." शॉट सोडून दिला.

५ सेकंदांच्या एकूण ४२ क्लिप झाल्या. प्रत्येकी ६० क्रेडिट धरले तर २,५२०. हाती आले नऊ शॉट, म्हणजे २७ सेकंद. भागाकार केला की वापरलेल्या एका सेकंदाला ९३ क्रेडिट पडतात, पाटीवर मात्र १२ लिहिलेले असतात. प्लॅनचे ६२५ आणि वरचे २,००० असे मिळून ३५ डॉलर, म्हणजे कर आणि शुल्कासकट साधारण ३,८०० रुपये. यात माझा वेळ धरलेला नाही.

तुमचं काम सुरू करण्याआधी असाच भागाकार करून बघा. तुमच्या सर्वांत अवघड शॉटच्या पाच क्लिप बनवा. त्यातली एकही चालण्यासारखी नसेल तर तो शॉट एआयने करायचा विचार सोडा आणि उरलेले क्रेडिट दुसऱ्या शॉटला ठेवा. मी हे आधी केलं असतं तर कळ्यांवरचे चार प्रयत्न वाचले असते.

३. तेच रील हाताने शूट केलं तर किती खर्च आणि किती वेळ?

पुढच्या शनिवारी काकूंच्या स्वयंपाकघरात सकाळी सात ते दहा शूट केलं. खिडकी पूर्वेला आहे, म्हणून सातची वेळ. ओट्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला, त्यामुळे मोदकांच्या सावलीतल्या कळ्याही दिसू लागल्या. कॅमेरा म्हणजे माझा फोन, एक ट्रायपॉड आणि वरून शूट करायचा आडवा दांडा. कळ्यांचा शॉट तीन वेळा घेतला, तोही काकूंचं काही चुकलं म्हणून नव्हे तर मला तीन कोनांतून हवा होता म्हणून.

घरी येऊन निवडणं, कापणं, रंग सारखे करणं, अक्षरं टाकणं आणि आवाज बसवणं यात चार तास गेले. दुरुस्त्यांना आणखी एक तास. मिळून आठ तास. माझा दर अर्ध्या दिवसाच्या शूटला ४,००० आणि अशा रीलच्या एडिटिंगला २,५०० आहे, म्हणजे ६,५०० रुपये. तासाला साधारण ८००.

आता याच दराने एआयच्या रीलला लागलेले सहा तास धरा (ते सहा कसे झाले ते प्रश्न ४ मध्ये आहे). ४,८०० माझ्या वेळेचे आणि ३,८०० क्रेडिटचे, एकूण ८,६००. तरी मुख्य शॉट नाहीच. एआय स्वस्त वाटतं, कारण बसून केलेल्या कामाचे तास आपण मोजत नाही.

शिवाय शूटमधून तीसेक मिनिटांचं फुटेज हाती राहिलं. त्यातून संकष्टीसाठी एक आणि "ऑर्डर कशी द्याल" असं एक, अशी आणखी दोन रीलं नुसत्या एडिटिंगवर निघाली. एआयच्या नापास क्लिपमधून दुसरं काही निघत नाही.

तुम्ही स्वतःच फोनवर शूट आणि एडिट करणार असाल तर ६,५०० लागणार नाहीत. एक बरा ट्रायपॉड आणि तुमचा दिवस, एवढाच खर्च. पहिल्या रीलला मात्र माझ्या दुप्पट वेळ धरा.

४. एआयला थांबावं किती लागतं? "दोन मिनिटांत व्हिडिओ" असं जाहिरातीत म्हणतात.

दोन मिनिटं ही एका क्लिपची गोष्ट आहे. ५ सेकंदांची क्लिप हलक्या मॉडेलवर मिनिटभरात येते. मोठ्या मॉडेलवर दोन-तीन मिनिटं लागतात, गर्दी असली तर जास्त. आमची सरासरी तीन मिनिटं पडली, म्हणजे ४२ क्लिपना दोन तासांहून थोडा जास्त वेळ. प्रत्येक क्लिप नीट पाहणं, काय चुकलं ते ठरवणं आणि सूचना बदलून लिहिणं याला सरासरी चार मिनिटं, म्हणजे आणखी पावणेतीन तास. त्यावर जोडणी आणि आवाज. एकावेळी दोन क्लिप रांगेत टाकल्या, म्हणून सगळं सहा तासांत बसलं.

दोन क्लिप एकदम टाकणं चांगलं, दहा टाकणं वाईट. सूचनेतच चूक असेल तर दहाच्या दहा बिघडतात आणि क्रेडिट गेलेले असतात. आधी एक बघा, पटली तर पुढची टाका.

मला सकाळचा वेळ बरा पडतो. आपली संध्याकाळ आणि रात्र म्हणजे अमेरिकेतला कामाचा दिवस, तेव्हा रांग लांबते.

हाताच्या कामात थांबणं वेगळं असतं. तिथे तारखेची वाट बघावी लागते : काकूंना सवड, खिडकीत ऊन, घरात पाहुणे नाहीत, असा दिवस. आम्हाला तो पाच दिवसांनी मिळाला. रील उद्याच हवं असेल आणि शूट जमणारच नसेल, तर एआयचा खरा फायदा तिथे आहे.

५. मग शेवटी तुम्ही काय केलंत? दोन्ही मिसळता येतं का?

येतं, आणि काकूंचं रील शेवटी तसंच झालं. हाताचे सात शॉट आणि एआयचे तीन : शेत, झाडं, समई. या तिघांना मिळून सहा क्लिप लागल्या होत्या, म्हणजे ३६० क्रेडिट. एका महिन्याच्या सगळ्यात छोट्या प्लॅनमध्ये ते बसतात आणि २६५ उरतात.

हे नुसत्या हाताच्या रीलपेक्षा स्वस्त नाही. प्लॅनचे १,६०० रुपये वाढतात. पण पावसातल्या भातशेताचा शॉट घ्यायला कोकणात जाऊन यायचं म्हटलं तर दिवस आणि गाडीभाडं दोन्ही जातात, त्यापुढे १,६०० कमीच.

मी विभागणी अशी करते : ग्राहक पैसे देऊन जे घेणार ते हाताने, आणि जे फक्त वातावरण म्हणून दिसणार ते एआयने चालेल. मोदक, हात, काकूंचं स्वयंपाकघर हे विकलं जातं. शेत विकलं जात नाही. पण काकू "आमच्या शेतातला तांदूळ" असं म्हणत असत्या तर एआयचं शेत मी लावलं नसतं. मग तेही विकण्याच्या गोष्टीत आलं असतं.

६. मालाचा फोटो देऊन तो हलवता येतो म्हणे. त्याने क्रेडिट वाचतात का?

बरेच वाचतात. नुसत्या शब्दांवरून बनवलं की मशीन वस्तू स्वतःच्या मनाने घडवतं. तुमचा फोटो पहिली चौकट म्हणून दिला की सुरुवात तरी तुमच्याच वस्तूपासून होते.

यात दोन गोष्टी सांभाळा. हालचाल कमी मागा : कॅमेरा सावकाश पुढे, किंवा वाफ वर जाते, एवढंच. वस्तू फिरवायला सांगितली की फोटोत न दिसणारी मागची बाजू मशीन मनाने बनवतं. आणि पाच सेकंदांतले पहिले दोन-अडीचच वापरा. क्लिप जितकी पुढे सरकते तितकी मूळ फोटोपासून दूर जाते. मोदकाच्या कळ्या तिसऱ्या सेकंदानंतर मेणासारख्या गुळगुळीत व्हायला लागतात. डोळ्याला पटकन कळत नसेल तर पहिली आणि शेवटची चौकट शेजारी ठेवून बघा.

७. क्लिप बिघडली तर क्रेडिट परत मिळतात का?

क्लिप बनलीच नाही, तांत्रिक बिघाड झाला, तर सहसा मिळतात. क्लिप बनली पण बोटं सहा आली, तर मिळत नाहीत. सेवेच्या दृष्टीने काम झालेलं असतं. सूचनेतल्या एखाद्या शब्दामुळे क्लिप अडवली गेली तर नियम सेवेनुसार वेगळे आहेत. म्हणूनच प्रश्न २ मधली पाच क्लिपची चाचणी आधी करायची.

८. फुकटच्या क्रेडिटवर धंद्याचं रील होईल का?

नाही. सहसा फुकट क्लिपवर सेवेचा शिक्का असतो, दर्जा कमी असतो आणि बऱ्याच ठिकाणी धंद्यासाठी वापरायची परवानगी नसते. फुकटचे क्रेडिट अवघड शॉटच्या चाचणीला वापरा.

९. महिन्याचा प्लॅन घ्यावा की वर्षाचा? आणि अनलिमिटेड परवडतो का?

बहुतेक सेवांत महिन्याचे क्रेडिट पुढच्या महिन्यात जात नाहीत. वेगळे विकत घेतलेले सहसा जास्त टिकतात, पण मुदत वाचून घ्या. आपल्याकडचे बरेच छोटे धंदे सणावर चालतात. काकूंची निम्म्याहून जास्त ऑर्डर गणपतीत येते. त्यांना वर्षाचा प्लॅन कशाला? जुलैमध्ये एक महिना घ्यायचा, घेतल्या दिवशीच पुढची वसुली बंद करून ठेवायची (तरी महिनाभर चालतो), आणि लागणारे सगळे शॉट त्या महिन्यात एकदम बनवून घ्यायचे. दिवाळीचं वातावरण हवं असेल तर तेही त्याच महिन्यात.

अनलिमिटेड प्लॅन म्हणजे पैशाऐवजी वेळ देणं. रनवेचा २०२५ मध्ये महिन्याला ९५ डॉलर होता. त्यात ठराविक क्रेडिट संपले की संथ रांगेत हव्या तितक्या क्लिप मिळतात, पण संथ म्हणजे खरोखर संथ. आठवड्याला तीन-चार रीलं करणाऱ्याला तो परवडेल. एका दुकानाला नाही.

१०. कार्ड चालत नाही. आणि चाललं तेव्हा सांगितल्यापेक्षा जास्त पैसे गेले. असं का?

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्ड परदेशी ऑनलाइन व्यवहारांसाठी बंदच येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं आणि तिथेच मर्यादाही ठरवता येते. मी महिन्याला ५,००० ठेवते, म्हणजे चुकून मोठा प्लॅन दाबला गेला तरी व्यवहार अडतो.

जास्तीचे पैसे दोन वाटांनी जातात. परदेशी सेवा जीएसटी नंबर नसलेल्या ग्राहकाकडून १८ टक्के जीएसटी घेते, आणि तो कधी शेवटच्या पानावरच दिसतो. बँक डॉलर बदलून देण्याचं शुल्क घेते, ते बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतं. तुमच्याकडे जीएसटी नंबर असेल तर तो खात्यात भरा, पण मग तो कर तुम्हालाच भरावा लागतो आणि पुढे वजावट मिळते. ते आपल्या सीएकडून समजून घ्या.

११. एआयची क्लिप आणि फोनची क्लिप शेजारी ठेवली की वेगळी दिसते. काय करायचं?

बहुधा तीन कारणं असतात. पहिलं, फ्रेमची गती. बऱ्याच एआय क्लिप सेकंदाला २४ फ्रेमच्या असतात आणि फोन ३० वर शूट करतो. एकत्र लावलं की एकाची हालचाल अडखळते. एआय मिसळायचं आधीच ठरलं असेल तर फोन २४ वर लावून शूट करा.

दुसरं, दिवे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट किंवा स्वस्त एलईडीखाली फोनच्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की ते जातात. काकूंच्या घरी आम्ही दिवे बंदच ठेवले होते.

तिसरं कारण सगळ्यात महाग पडतं : आडवी क्लिप बनवून नंतर उभी कापणं. १२८० बाय ७२० च्या क्लिपमधून उभी ९:१६ चौकट कापली तर रुंदी उरते फक्त ४०५ पिक्सेल. फोनच्या स्क्रीनवरही ती धुरकट दिसते. क्लिप बनवण्याआधीच ९:१६ निवडा. साधन ते देत नसेल तर रीलसाठी ते साधन घेऊ नका.

१२. पाकिटावरचं मराठी नाव आणि मराठी आवाज एआयने होतो का?

अक्षरं नाही. पाकीट हललं की जोडाक्षरं वितळतात. "श्री"ची रेघ होते आणि "क्ष"चं काहीही होतं. क्लिप कोरी बनवा आणि नाव, भाव, फोन नंबर एडिटिंगमध्ये वरून टाका. एडिटिंगचं अ‍ॅप निवडतानाही आधी "ज्ञानेश्वर" आणि "स्वर्गीय" टाइप करून बघा, कारण काही अ‍ॅप अर्धी अक्षरं तोडून दाखवतात.

आवाजाची गोष्ट जरा बारीक आहे. काही साधनं आता चित्राबरोबर बोलणंही बनवून देतात. ऐकायला स्वच्छ असतं, पण मराठीत "चव"मधला च आणि "चार"मधला च वेगळा, "माझा"मधला झ आणि "झेंडा"मधला झ वेगळा. मशीन अनेकदा सगळे हिंदीसारखे म्हणतं. "आमच्या मोदकांची चव" हे वाक्य तसं ऐकलं की ऐकणाऱ्याला लगेच परकं वाटतं. काकूंचा आवाज आम्ही त्यांच्या कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर फोन धरून घेतला. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. दहा मिनिटांत झाला, एक रुपयाही लागला नाही.

१३. तलावपाळी किंवा वाशीचा परिसर एआयने दाखवला तर? शूटला जायला वेळ नाही.

मिळेल तो एक तलाव. मासुंदा नव्हे. तुमचा ग्राहक रोज संध्याकाळी तिथे फिरतो, त्याला एका सेकंदात कळतं. ओळखीची जागा चुकीची दिसली की पुढच्या मालावरचाही विश्वास जातो. सकाळी साडेसहाला जाऊन फोनवर वीस सेकंद घ्या. मॉल आणि रेल्वे स्टेशनवर मात्र धंद्याच्या शूटला परवानगी लागते.

१४. रील तयार झाल्यावर "फक्त एवढं बदला" असं म्हटलं तर कुठे महाग पडतं?

ते काय बदलायचं आहे त्यावर आहे. भाव, तारीख, फोन नंबर, शॉटचा क्रम हे एडिटिंगचं काम, दोन मिनिटांचं, दोन्हीकडे सारखंच. पण "याच शॉटमध्ये ताट पितळेचं करा" म्हटलं की एआयमध्ये बहुधा क्लिप नव्याने बनवावी लागते, आणि नवीन क्लिपमध्ये ताटाबरोबर मोदक, उजेड आणि कोनही बदलतो. हाताच्या शूटमध्ये हेच करायला पुन्हा जावं लागतं, पण बदलतं फक्त ताटच.

म्हणून एआयचे शॉट मी आधी स्थिर चित्र म्हणून दाखवून मान्य करून घेते. चित्राला क्लिपपेक्षा फार कमी क्रेडिट लागतात. चित्र पसंत पडलं की त्याचीच क्लिप करते, प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे.

१५. माझं पैठणीचं दुकान आहे. मॉडेलचा खर्च वाचवायला एआयची बाई चालेल का?

बाई चालेल, पैठणी चालणार नाही. काठावरचे मुनिया, पदरावरचे मोर हेच गिऱ्हाईक बघतं. साडी हलली की मुनियांचे हिरवे ठिपके होतात आणि काठाची रुंदी कमी-जास्त होते. शिवाय तुम्ही दाखवलेली साडी दुकानात नसते. खऱ्या साडीचा पदर हातावर घेऊन खिडकीपाशी सावकाश सरकवा, नक्षी जवळून घ्या. त्याला मॉडेल लागतच नाही.

१६. एआय वापरलं हे सांगावं लागतं का?

खरं वाटेल असं दृश्य असेल तर सांगा. यूट्यूबवर अपलोड करताना ते विचारतात, इन्स्टाग्रामही एआयची खूण लावतं, आणि फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या आयटी नियमांतही अशा दृश्यांवर स्पष्ट खूण हवी असं आहे. रंग सुधारणं, आवाज साफ करणं अशा साध्या एडिटिंगला हे लागू नाही.

पण खूण लावली म्हणजे सगळं माफ होत नाही. विकता त्यापेक्षा वेगळा पदार्थ दाखवला तर ती २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणारी जाहिरात ठरू शकते. प्रश्न ५ मधली विभागणी मी यासाठीही पाळते.

१७. पूर्ण एआयनेच करावं असं एखादं काम आहे का?

आहे. घणसोलीत वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या एका दादांना मे महिन्यात जाहिरात हवी होती, कारण गच्चीची कामं पावसाआधीच मिळतात. मे महिन्यात पाऊस शूट करणार कुठे? आणि स्लॅबच्या आत पाणी कसं झिरपतं, ते तर कुठल्याच महिन्यात कॅमेऱ्याला दिसत नाही.

चार शॉट ठरवले : गच्चीवर कोसळणारा पाऊस, फरशीच्या सांध्यातून आत जाणारं पाणी, स्लॅबचा उभा छेद, छताला पसरणारा ओला डाग. पाऊस आणि डाग लगेच जमले. छेदाला सात प्रयत्न लागले, कारण पाणी सळ्यांच्या आजूबाजूने न जाता सळ्यांमधून जात होतं. शेवटी दादांनी कागदावर छेद काढून दिला, तो फोटो पहिली चौकट म्हणून दिला आणि दुसऱ्याच प्रयत्नात क्लिप मिळाली. एकूण पंधरा क्लिप, ९०० क्रेडिट, अडीच तास. वर "समजण्यासाठी बनवलेलं दृश्य" असं लिहिलं.

त्यांच्या माणसांनी केलेल्या कामाचे शॉट मात्र त्यात नाहीत. ते आम्ही जूनमध्ये, त्यांनी काम केलेल्या गच्चीवर पाणी तुंबवून ठेवलं होतं तेव्हा, फोनवर घेतले.